तीन हजार प्रेतं कोणत्या रकान्यात?

पार्श्वभूमी

आमच्या वाचनगटात अकरा जण होते. बहुतेकांनी कथा-कादंबऱ्या भरपूर वाचलेल्या, पण अशक्य गोष्टी रोजच्यासारख्या सांगणाऱ्या जादुई वास्तववादाचं एखादं पुस्तक एकत्र बसून वाचण्याची वेळ सगळ्यांचीच पहिली. निवडलेली कादंबरी म्हणजे गाब्रिएल गार्सिया मार्केझची १९६७ साली प्रसिद्ध झालेली 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'. माकोन्दो गावातल्या ब्वेंदिया घराण्याच्या पिढ्यांची ती गोष्ट. तिच्यात वीस प्रकरणं आहेत, पण एकालाही क्रमांक नाही की नाव नाही, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही पेन्सिलीने आकडे घालून घेतले. दर बैठकीला दोन प्रकरणं, अशा दहा बैठका ठरल्या. संयोजक मी होते. इथे कोणाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

अद्भुत प्रसंगांपाशी वाचक अडखळतात, हे आधीच्या अनुभवावरून ठाऊक होतं. म्हणून मी एक दोन रकान्यांचा कागद तयार केला. डावीकडे 'अद्भुत प्रसंग', उजवीकडे 'त्यामागचं सामाजिक वास्तव'. घरी वाचताना प्रत्येकाने तो भरायचा आणि बैठकीत त्यावर बोलायचं.

सुरुवातीला कागदाने छान काम केलं. तिसऱ्या प्रकरणात माकोन्दो गावात निद्रानाशाची साथ येते. आधी झोप जाते, मग हळूहळू आठवणी जातात. लोक वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावतात. मग नुसतं नावही पुरेनासं होतं, तेव्हा गायीच्या गळ्यातल्या पाटीवर ही गाय आहे, हिची रोज सकाळी धार काढायची, दूध उकळून कॉफीत घालायचं, असं सगळं लिहावं लागतं. साथ ओळखते ती विसितासिओन, ब्वेंदियांच्या घरात कामाला असलेली आदिवासी बाई. एका जुन्या राज्याची ती वारसदार, आणि याच साथीमुळे आपला मुलूख सोडून पळालेली. आमच्यातल्या एका वाचकाने उजवीकडे लिहिलं होतं, 'ज्यांचा इतिहास आधीच पुसला गेला, त्यांनाच ही साथ ओळखता येते.' एवढं नेमकं वाक्य मलाही सुचलं नसतं.

बाराव्या प्रकरणात त्या घरातली मुलगी, सुंदर रेमेदिओस, अंगणात चादरींच्या घड्या घालता घालता वर उडून जाते. हे उदाहरण तर कागदासाठीच बेतल्यासारखं. मार्केझनेच मुलाखतीत सांगितलं होतं की एक मुलगी घरातून पळून गेली आणि अब्रू झाकायला घरच्यांनी ती स्वर्गात गेल्याची आवई उठवली, त्यावरून हा प्रसंग आला. डावीकडे उड्डाण, उजवीकडे अब्रू. रकाना भरला आणि आम्ही खूश झालो. फेर्नांदा ही घरची सून मात्र मुलगी गेल्यापेक्षा चादरी गेल्याने चिडते आणि देवाकडे त्या परत मागत राहते. या तपशिलासाठी कागदावर जागाच नव्हती, आणि ते त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

अडचण

आठव्या बैठकीला पंधरावं आणि सोळावं प्रकरण होतं. पंधराव्यात केळी कंपनीच्या मजुरांचा संप आहे. स्टेशनासमोरच्या चौकात जमाव गोळा होतो. सैन्याचा एक हुकूम वाचून दाखवला जातो, त्यात संपकऱ्यांना गुंडांची टोळी ठरवलेलं असतं. पांगायला पाच मिनिटं दिली जातात. कोणी हलत नाही. मग मशीनगन सुरू होतात. ब्वेंदिया घराण्यातला होसे आर्कादिओ सेगुंदो शुद्धीवर येतो तो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत. गाडीला जवळजवळ दोनशे डबे आहेत, दिवा एकही नाही, आणि ती समुद्राकडे चालली आहे. उडी मारून तो पावसातून चालत गावात परततो. तीन हजार असतील, असं सांगतो. कोणाचा विश्वास बसत नाही.

बैठकीआधी मी अकरा कागद गोळा केले. त्यांतल्या सातांवर ही प्रेतांची गाडी डाव्या रकान्यात होती, म्हणजे उडणारी रेमेदिओस आणि फुलांचा पाऊस यांच्याच रांगेत. उजवीकडे 'भांडवलशाहीची क्रूरता', 'माणसाचा माल होणं', 'शोषणाचं भयावह रूपक' असं लिहिलेलं. चौघांनी आणखी एक गोष्ट डावीकडे टाकली होती. संपाआधी न्यायालय निकाल देतं की कंपनीकडे मजूर नाहीत, कधी नव्हते आणि असणारही नाहीत, कारण सगळे तात्पुरते आणि गरजेपुरते घेतलेले आहेत. 'न्यायालयाने माणसांचं अस्तित्वच नाकारणं: अतिशयोक्त फँटसी,' असं एकाने लिहिलं होतं.

इतिहास शिकवणाऱ्या एक बाई गटात होत्या. चर्चा दहा मिनिटं चालली असेल, तेवढ्यात त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"ताई, हे रूपक नाही हो. हे घडलंय."

मग त्यांनी सांगितलं. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याजवळ सिएनागा गावात ५ आणि ६ डिसेंबर १९२८च्या मधल्या रात्री सैन्याने अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर गोळ्या झाडल्या. सेनापतीचं नाव कार्लोस कोर्तेस वार्गास. कादंबरीतल्या हुकुमाखाली हेच नाव आहे, एक अक्षर न बदलता. संपकऱ्यांना गुंडांची टोळी ठरवणारा हुकूमही खरा. आणि कंपनीची भूमिका खरोखरच अशी होती की आमच्याकडे मजूर नाहीत, आहेत ते कंत्राटदारांचे. मजुरांच्या मागण्यांमागचं मूळ दुखणंच ते होतं, की आधी आम्ही तुमचे कामगार आहोत एवढं तरी मान्य करा.

खोलीत शांतता पसरली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ आपल्या कागदाकडे बघत होते. न्यायालयाच्या निकालासमोर 'अतिशयोक्त फँटसी' लिहिणारे तेच.

"आमच्याकडे रात्रपाळीचा एक रखवालदार होता," ते म्हणाले. "जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला. मी स्वतः टिपण लिहिलं होतं: सदर इसम कंत्राटदाराचा असून आपल्या हजेरीपटावर नाही. म्हणजे ताई, मी हे वाक्य आयुष्यात एकदा लिहिलेलं आहे, आणि इथे वाचलं तेव्हा मला ते जादू वाटलं."

चूक कुठे झाली हे त्या वाक्याने दाखवलं. 'तुझ्या गावात कोणी मेलं नाही' असं कादंबरीतलं सरकार म्हणतं. आमच्या सात कागदांनी वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं होतं, की हे खरं नसून प्रतीक आहे. रूपक शोधण्याच्या घाईत आम्ही अधिकृत खुलाशाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो होतो, आणि तिथे नेणारा रस्ता मी आखून दिला होता.

तेवढ्यात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. एक तरुण वाचक, आतापर्यंत गप्प असलेला, म्हणाला, "म्हणजे तीन हजार माणसं मारली तर! हे आधी कोणी सांगितलं का नाही?" त्याने मोबाइलवर टिपून घेतलं: १९२८, मृत ३०००. आता अडचणी दोन झाल्या. एका बाजूने इतिहास रूपकात विरघळत होता, दुसऱ्या बाजूने कादंबरीचा आकडा इतिहास होऊन बसत होता.

समोरचे पर्याय

बैठक तिथेच थांबवून पुढच्या वेळी हीच दोन प्रकरणं पुन्हा घ्यायचं ठरलं. मधल्या आठवड्यात मी तीन पर्यायांचा विचार केला.

पहिला सोपा होता. इतिहासाच्या बाईंना अर्धा तास द्यायचा, संपाची हकीगत सांगून घ्यायची आणि मग वाचायचं. बाई तयार होत्या. पण याने एक भलतंच घडलं असतं. कादंबरी त्या हकिगतीचं सजवलेलं चित्र ठरली असती आणि वाचकांनी प्रत्येक ओळ 'हे खरं, हे खोटं' अशी तपासली असती. शिवाय पुढच्या कादंबरीच्या वेळी इतिहासाचा जाणकार हाताशी नसेल तर काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला असता.

दुसरा पर्याय गटातल्या एका कवयित्रीने फोनवर सुचवला. कागद फाडून टाका, अर्थबिर्थ शोधू नका, गोष्ट गोष्टीसारखी वाचा. यात तथ्य होतं. मार्केझ सांगत असे की हा सूर त्याने आजीकडून उचलला. ती अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची. अशा सुरात सांगितलेल्या गोष्टीला दर पानावर 'म्हणजे काय' विचारणं हा अरसिकपणाच. तरीही मला हे पटलं नाही. चौकातल्या गोळीबारानंतर चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो. त्या पावसाकडे नुसतं मौज म्हणून बघायचं, हे त्या प्रकरणावर अन्याय करणारं वाटलं.

तिसरा पर्याय प्रश्न बदलण्याचा होता. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न वाचकाला पुस्तकाबाहेर ढकलतो आणि तो बाहेरून एखादा तयार शब्द उचलून आणतो: शोषण, पितृसत्ता, वसाहतवाद. तेच प्रश्न पुस्तकातल्या माणसांना विचारले तर? या घटनेने कोणाला आश्चर्य वाटतं आणि कोणाला वाटत नाही? ती कोणी पाहिली? ती घडली नाही असं कोण म्हणतं, आणि तसं म्हटल्याने त्याचं काय वाचतं? या प्रश्नांची उत्तरं पानावर बोट ठेवून दाखवता येतात. हाच पर्याय घेतला आणि इतिहास शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवला.

काय केलं

नव्या बैठकीत दोन प्रकरणांऐवजी फक्त तीन जागा घेतल्या, आणि प्रत्येक जागा मोठ्याने वाचली.

पहिली जागा होसे आर्कादिओ सेगुंदो गावात परततो ती. तो पहिल्या दिसेल त्या घरात शिरतो. कडेवर मूल असलेली एक बाई चुलीपाशी आहे. ती त्याची जखम धुते, त्याला कॉफी देते. तो म्हणतो, तीन हजार असतील. ती विचारते, काय? तो म्हणतो, मेलेले. ती त्याच्याकडे कीव करत बघते आणि सांगते की इथे कोणी मेलेलं नाही. घरी पोचेपर्यंत तो आणखी काही स्वयंपाकघरांत थांबतो, सगळीकडे हेच ऐकतो.

मी विचारलं, इथे अद्भुत काय आहे? सगळे गप्प. मग कवयित्री म्हणाल्या, "काहीच नाही. कॉफी आहे, जखम आहे, मूल आहे. अंगावर काटा येतो तो याच्यामुळे." पाळी आली ती आश्चर्य कोणाला वाटतं या प्रश्नाची. माकोन्दोत पाद्री चॉकलेट पिऊन जमिनीवरून बारा सेंटिमीटर वर उचलला जातो, तेव्हा लोक ते बघून चर्चसाठी पैसे देतात. गालिचा उडतो, पोरं त्यावर बसून मजा करतात. या गावाला अशक्य गोष्टी पचतात. पचत नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे काल स्टेशनावर माणसं मारली गेली ही बातमी. कादंबरीने विश्वास आणि अविश्वास यांच्या जागा अदलाबदल करून ठेवल्या आहेत. आमच्या डाव्या रकान्यात नेमकी ती जागा हरवली होती, कारण त्यात 'आम्हाला' काय अशक्य वाटतं ते भरलेलं होतं. 'त्यांना' काय वाटतं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

याच ओघात बँकेतल्या काकांनी गाडीच्या वर्णनातली एक ओळ दाखवली. प्रेतं डब्यात रचलेली आहेत ती केळीचे घड रचतात तशी. "ताई, रूपक हवं असेल तर ते इथे आहे," ते म्हणाले. "ते सरळ सांगितलेलं आहे. त्यासाठी गाडी खोटी ठरवायची गरज नाही." मला हे फार आवडलं. अद्भुत म्हणजे रूपक आणि साधं वर्णन म्हणजे वास्तव, हे जे समीकरण आम्ही नकळत धरून चाललो होतो, ते त्या एका ओळीत मोडतं.

दुसरी जागा पावसाची. यावर बहुतेकांचा अर्थ ठरलेला होता: आकाश रडतंय, निसर्गाचा शोक, पापक्षालन. मी सांगितलं की पाऊस कोण आणतो ते पुस्तकातच शोधा. वेळ लागला. आधी कोणीतरी बारावं प्रकरण उघडलं. तिथे कंपनी गावात येते तेव्हाच निवेदक सांगून ठेवतो की पूर्वी केवळ देवाच्या हाती असलेली साधनं या लोकांकडे होती. त्यांनी पावसाचं वेळापत्रक बदललं, पिकांचा हंगाम घाईवर आणला, आणि नदी उचलून गावाच्या दुसऱ्या बाजूला, स्मशानामागे नेऊन ठेवली. मग पंधराव्याचा शेवट. गोळीबारानंतर कंपनीचा प्रमुख ब्राउन जाहीर करतो की करारावर सही पाऊस थांबल्यावर होईल, आणि पाऊस असेतो सगळी कामं बंद राहतील. निवेदक शांतपणे नोंदवतो की तीन महिने पावसाचा थेंब नव्हता. ब्राउनने तसं जाहीर केलं आणि कोसळायला लागला.

दोन जागा शेजारी ठेवल्यावर शोक करणारं आकाश आपोआप बाजूला झालं. हा पाऊस कंपनीचा आहे. तो वाटाघाटी पुढे ढकलतो, चौक धुऊन काढतो, आणि तो पडत असतानाच रात्री सैनिक दारं ठोठावून माणसं उचलून नेतात. नातेवाईक विचारायला गेले की अधिकारी सांगतात, तुम्हाला स्वप्न पडलं असेल, माकोन्दोत काही घडलेलं नाही. पावसाच्या अर्थासाठी 'विस्मरण' हा शब्द शेवटी आलाच, पण आता त्याला कर्ता मिळाला होता. गाव विसरलं असं म्हणणं वेगळं, आणि विसरायला लावण्यासाठी पाच वर्षं कोणीतरी पाणी ओतत होतं असं म्हणणं वेगळं. निद्रानाशाची साथ आठवून एक जण म्हणाले की त्या वेळी लोक निदान चिठ्ठ्या तरी लावत होते, या वेळी कोणी लावली नाही. ही तुलना मी पुढे प्रत्येक गटात वापरली आहे, त्यांचं ऋण मान्य करून.

तिसरी जागा छोटी, पण माझी सर्वांत आवडती. सैनिक होसे आर्कादिओ सेगुंदोला शोधत ब्वेंदियांच्या घरी येतात. तो मेल्कियादेस या जिप्सीच्या जुन्या खोलीत खाटेवर बसलेला आहे, कपडे चढवून, जायला तयार. अधिकारी दिवा फिरवतो. शेल्फांवर बहात्तर शौचभांडी रचून ठेवलेली आहेत, ती त्याला दिसतात. मग उजेड खाटेवर पडतो, नेमका होसे आर्कादिओ सेगुंदोवर. अधिकारी बघतो आणि त्याला कोणी दिसत नाही. इथे शंभर वर्षांत कोणी राहिलेलं नाही, साप असतील, असं म्हणून तो दार लावून जातो.

हा प्रसंग जुन्या कागदावर अकराही जणांनी डावीकडे टाकला होता आणि यावेळी ते बरोबर होतं. इथे जादू आहेच. पण 'म्हणजे काय' न विचारता आम्ही कोणाला काय दिसतं ते बघत गेलो. याच खोलीत घरच्या काहींना लख्ख स्वच्छता दिसते आणि कर्नल ऑरेलियानोला एकदा नुसती धूळ आणि मोडतोड दिसलेली असते. युद्ध करून आटलेल्या माणसाला जे दिसतं तेच या अधिकाऱ्याला दिसतं. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "साक्षीदार समोर बसलाय आणि सरकारला तो दिसत नाही. चौकशी समित्यांचे अहवाल वाचताना मला हेच वाटतं." आणि त्यातला उपरोध असा की सरकारचं हे आंधळेपण त्याचा जीव वाचवतं. ज्या नजरेने मेलेले नाहीसे केले, त्याच नजरेतून जिवंत साक्षीदार निसटतो. 'राज्यसत्तेची दृष्टिहीनता' असं उजव्या रकान्यात लिहिलं असतं तर हा दुसरा अर्धा भाग गळून पडला असता.

शेवटच्या वीस मिनिटांत आकड्यांकडे वळलो. कोर्तेस वार्गासने पुढे मृतांची संख्या ४७ सांगितली. अमेरिकी राजदूताने आपल्या सरकारला कळवलं की कंपनीच्याच प्रतिनिधीच्या म्हणण्यानुसार ती हजाराच्या वर आहे. पक्का आकडा आजही नाही. तीन हजार कुठून आले? मार्केझने स्वतः सांगितलं आहे की त्याला एक आगगाडी प्रेतांनी भरायची होती, थोडक्या मृतांनी ती भरली नसती. त्याच्या २००२च्या आत्मचरित्रात तो लिहितो की पुढे संसदेत एका वक्त्याने या घटनेच्या स्मृतिदिनी श्रद्धांजली वाहिली ती तीन हजार मृतांनाच.

तरुण वाचकाने मोबाइल काढला आणि आपली नोंद खोडली. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "पण खुद्द संसदेत बोललं गेलं, तर माझं काय चुकलं?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीन हजार हा आकडा कादंबरीतल्या एका माणसाचा आहे, तो अर्धवट शुद्धीत डब्यांमधून सरपटत मोजत होता. सरकार शून्य म्हणतं तेव्हा त्याच्यापुढे उभा केलेला तो आकडा आहे. सनावळीत तो घालता येत नाही आणि खोटा म्हणून टाकूनही देता येत नाही. हे मी म्हणाले खरं, पण त्याचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला आज वाटतं.

निष्पत्ती

उरलेल्या बैठकांत दोन रकान्यांचा कागद परत आला नाही. त्याऐवजी लोक पानांच्या कडेला 'कोण पाहतं', 'कोण नाकारतं' असं लिहू लागले. चर्चेत 'प्रतीक' हा शब्द कमी झाला आणि पानांचे आकडे वाढले. शेवटच्या बैठकीआधी प्रत्येकाने एका प्रसंगावर दोन पानं लिहायची होती. नऊ जणांनी लिहिली. त्यांतलं सर्वांत चांगलं टिपण चादरींवर होतं. लेखिकेने दाखवून दिलं की रेमेदिओस उडाल्याचं खोटं वाटू नये म्हणून निवेदक चादरींवर भर देतो, आणि फेर्नांदाचा चादरींसाठीचा जीव तुटणं हाच त्या प्रसंगातला कठोर वास्तववाद आहे. मुलगी गेली ते चमत्कारात जमा, कापड गेलं ते नुकसानीत.

सगळं जमलं असं मात्र नाही. दोघांना नवी पद्धत जाचक वाटली. त्यातल्या एकांचा आक्षेप मला आजही मान्य आहे. कर्नल ऑरेलियानोचा भाऊ होसे आर्कादिओ, सेगुंदो नव्हे, त्याला गोळी लागते आणि त्याचं रक्त घरातून निघतं, रस्ते ओलांडतं, वळणं घेतं, दिवाणखान्यातल्या गालिच्यांना डाग लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने जातं आणि आई स्वयंपाकघरात अंडी फोडत असते तिथे पोचतं. इथे कोण नाकारतं? कोणाचा फायदा? आमचे प्रश्न इथे चालत नाहीत. यात समाजवास्तव शोधायला गेलं की ओढूनताणून काहीतरी हाती येतं. आईपर्यंत बातमी पोचते, एवढंच. या पद्धतीचा उपयोग आहे तो जिथे एखाद्या घटनेच्या खरेपणावरून कादंबरीतच भांडण आहे तिथे, आणि बाकी जागी ती बाजूला ठेवावी.

आज वेगळं काय केलं असतं

कागदाचा मथळा हीच पहिली चूक होती. 'अद्भुत प्रसंग' असं छापून दिल्यावर काय अद्भुत आणि काय नाही हे वाचकाने वाचायच्या आधीच ठरवून टाकायचं, असा त्याचा अर्थ होत होता.

इतिहास उशिरा देण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन, पण एक दुरुस्ती करून. हुकुमाखालची सही खऱ्या सेनापतीची आहे, एवढी एकच गोष्ट आधी सांगेन. आकडे नकोत, हकीगत नको. लेखकाने एवढी पात्रं कल्पनेतून घडवली आणि हे एक नाव मात्र जसंच्या तसं ठेवलं, तर का ठेवलं, हा प्रश्न घेऊन वाचक चौकात शिरला असता.

आणि संपाच्या आधी मी चौदाव्या प्रकरणाच्या शेवटाशी गटाला थांबवलं असतं. तिथे मॉरिसिओ बाबिलोनिया, कंपनीच्या वर्कशॉपमधला तो पिवळ्या फुलपाखरांचा पोरगा, फेर्नांदाच्या मुलीला, मेमेला, भेटायला परसातून चढत असताना रखवालदाराची गोळी त्याच्या पाठीच्या कण्यात बसते. कोंबड्या चोरीला जातात अशी तक्रार करून फेर्नांदानेच तो पहारा लावलेला असतो. तो जन्मभर अंथरुणाला खिळतो आणि कोंबडीचोर म्हणूनच मरतो. आम्ही सगळ्यांनी त्या पानावर फुलपाखरांचा अर्थ काय यावर अर्धा तास घालवला होता. 'कोंबडीचोर' हा एका घराने काढलेला अधिकृत खुलासा आहे, आणि पुढच्याच प्रकरणात सरकार 'गुंडांची टोळी' हा शब्द काढतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. ते त्या तरुण वाचकाने शेवटच्या बैठकीत दाखवलं.

त्यानेच आणखी एक दाखवलं. होसे आर्कादिओ सेगुंदो हा हत्याकांडाचा एकमेव साक्षीदार, असं मी दोन्ही बैठकांत म्हणत आले होते. त्याने पान काढून दिलं. गोळीबाराच्या आधी होसे आर्कादिओ सेगुंदो गर्दीतल्या एका लहान मुलाला खांद्यावर घेतो. तो मुलगा ते सगळं वरून बघतो, आणि पुष्कळ वर्षांनी, म्हातारा झाल्यावर, सांगत राहतो. लोक त्याला वेडा समजतात. त्या मुलाला नाव नाही. इतक्या वेळा वाचूनही तो मला दिसला नव्हता.